विहिरीच्या पाण्याचे गणित : व्यास, त्रिज्या आणि एकके

बालाघाटच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागलेल्या बीड जिल्ह्यात सार्वजनिक विहीर ही अनेक गावांची पाण्याची मुख्य सोय आहे. या विहिरीत टीसीएल भुकटी टाकून पाणी निर्जंतुक करणे, हे ग्रामपंचायतीचे नित्याचे काम. भुकटी किती टाकावी, हे विहिरीत पाणी किती आहे यावर ठरते आणि पाणी किती आहे हे वृत्तचितीच्या घनफळावरून काढावे लागते. शाळेत शिकलेले हे गणित विहिरीच्या काठावर दोन ठिकाणी हमखास चुकते. एक म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घातला जातो, आणि दुसरे म्हणजे मीटर व फूट एकाच हिशेबात मिसळले जातात. या दोन्ही चुका पकडण्याच्या कसोट्या अगदी साध्या आहेत.

एका विहिरीचे उदाहरण

समजा, एका विहिरीचा आतील व्यास ६ मीटर आहे. दोरीला दगड बांधून तो तळापर्यंत सोडला असता दोरीचा भिजलेला भाग ३ मीटर भरला. म्हणजे पाण्याची खोली ३ मीटर झाली. त्रिज्या ३ मीटर असल्याने घनफळ ३.१४ × ३ × ३ × ३ = ८४.७८ घनमीटर येते. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी मावते, म्हणून विहिरीत सुमारे ८४,८०० लिटर पाणी आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण धरल्यास ४२४ ग्रॅम भुकटी लागेल.

आता टेपने मोजलेले ६ मीटरच त्रिज्या म्हणून घातले, तर उत्तर ३३९.१२ घनमीटर येते आणि भुकटी जवळजवळ १,७०० ग्रॅम होते. पाण्याला उग्र वास येतो व लोक ते पिण्याचे टाळून दुसरीकडचे असुरक्षित पाणी आणतात. याच्या उलटही घडते. वहीत लिहिलेला ३ हा आकडा त्रिज्येचा असताना तो व्यास समजून पुन्हा निम्मा केला, तर भुकटी केवळ १०६ ग्रॅम टाकली जाते. ही चूक अधिक घातक होय, कारण भुकटी टाकल्याची नोंद होते, पण पाणी निर्जंतुक होत नाही.

त्रिज्या वर्गात येते, म्हणून ती दुप्पट झाली की उत्तर दुप्पट न होता चौपट होते, आणि निम्मी झाली की उत्तर चौथ्या हिश्शावर येते.

पेटीची कसोटी

विहीर एका चौकोनी पेटीत बसविली आहे अशी कल्पना करावी. पेटीची लांबी व रुंदी विहिरीच्या व्यासाइतकी, आणि उंची पाण्याच्या खोलीइतकी. वरील उदाहरणात पेटीचे घनफळ ६ × ६ × ३ = १०८ घनमीटर होते. विहीर पेटीच्या आत असल्याने तिचे पाणी १०८ पेक्षा जास्त असूच शकत नाही. ३३९ हे उत्तर येथेच बाद होते. वृत्तचिती आपल्या पेटीचा सुमारे ७८ टक्के भाग, म्हणजे तीन चतुर्थांशापेक्षा थोडा अधिक भाग व्यापते. उत्तर पेटीच्या एक पंचमांशाइतके आले, तर त्रिज्या दोनदा निम्मी झाली असे समजावे.

यावरून एक सोयही होते. व्यास × व्यास × खोली × ०.७८५ असे सूत्र वापरले, तर त्रिज्या काढण्याची गरजच उरत नाही. टेपने व्यासच मोजला जातो, तो जसाच्या तसा घालता येतो.

फूट आणि मीटर

पेटीची कसोटी एककांची चूक मात्र पकडत नाही. व्यास मीटरच्या टेपने ६ मोजला, आणि दोरीचा भिजलेला भाग फुटांत १० भरला. हे दोन्ही आकडे तसेच घातले, तर ६ × ६ × १० × ०.७८५ = २८२.६ येते. पेटीही त्याच मिश्र आकड्यांची असल्याने प्रमाण बरोबर ७८ टक्केच दिसते. वास्तविक १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आणि खरे उत्तर सुमारे ८६.२ घनमीटर आहे.

अशा वेळी तोच हिशेब दुसऱ्या एककात पुन्हा करून पाहावा. ६ मीटर म्हणजे सुमारे १९.७ फूट. १९.७ × १९.७ × १० × ०.७८५ = सुमारे ३,०४७ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते, म्हणून सुमारे ८६,२०० लिटर. दोन्ही मार्गांची उत्तरे जुळली की एककांबद्दल शंका उरत नाही. ती न जुळल्यास त्यांचे गुणोत्तर चुकीचे ठिकाण दाखविते. उत्तर ३.२८ पट आले, तर खोली फुटांत राहिली आहे. ते सुमारे १०.८ पट आले, तर व्यास फुटांत राहिला आहे, कारण व्यास सूत्रात दोनदा येतो. चौपट आले, तर दोष व्यास-त्रिज्येचा आहे.

मुरमाचा ढीग

विहीर खोदताना निघालेला मुरूम शंकूच्या आकाराने साचतो. त्याच्या पोटातून टेप जात नसल्याने व्यासाऐवजी परीघ मोजावा लागतो. परीघ १८ मीटर असल्यास त्यास ६.२८ ने भागून त्रिज्या २.८७ मीटर मिळते, ३.१४ ने भागल्यास व्यास मिळतो, आणि गोंधळ येथेच होतो. उभी उंची १.५ मीटर असता घनफळ सुमारे १२.९ घनमीटर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, म्हणून ढीग साडेचार ब्रासचा आहे. व्यास चुकून त्रिज्या मानल्यास तोच अठरा ब्रासचा ठरतो आणि देयक चौपट होते.

शंकूच्या बाबतीत पेटीची कसोटी सावधपणे वापरावी. शंकू पेटीचा सुमारे चौथा हिस्सा व्यापतो. चौपट चुकलेले उत्तर पेटीपेक्षा जेमतेम ५ टक्के मोठे असते व सहज नजरेतून सुटते. म्हणून उत्तर पेटीच्या एक चतुर्थांशाजवळ आहे की नाही, हेच पाहावे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त धान्याच्या राशीसाठी परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग गुणिले उंची असा नियम दिला आहे. त्यात त्रिज्या किंवा व्यास येतच नाही. वरील ढिगास तो लावल्यास ३ × ३ × १.५ = १३.५ घनमीटर, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा पाचेक टक्के अधिक येते. पडताळ्यासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

कसोट्यांच्या मर्यादा

मोजणीच चुकली असेल, तर या कसोट्या उपयोगी पडत नाहीत. कठड्याच्या बाहेरून व्यास घेतला आणि भिंत ४५ सेंटिमीटर जाडीची असली, तर ६ ऐवजी ६.९ मीटर भरतो व पाणी ३२ टक्के जास्त दिसते. खाली खडकात विहीर अरुंद होत असेल, तर व्यास पाण्याच्या पातळीजवळचा घ्यावा. भुकटीतील क्लोरीन साठवणुकीत कमी होत जाते. म्हणून हिशेब बरोबर असला तरी पाण्यातील उर्वरित क्लोरीन तपासणे टळत नाही.

विहिरीचा व्यास बदलत नाही, रोज बदलते ती पाण्याची खोली. म्हणून कठड्यावर एकदाच रंगाने लिहून ठेवावे : ‘आतील व्यास ६ मीटर. पाण्याच्या १ मीटर खोलीस २८,२६० लिटर.’ त्यानंतर भुकटी टाकणाऱ्यास केवळ खोली मीटरमध्ये मोजून एक गुणाकार करावा लागेल.