चेंडू न घसरता गडगडेल असा फटका
कोरेगाव भीमाजवळच्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्यांच्या खेळातला एक प्रश्न अकरावी-बारावीच्या मुलांना जरूर विचारा: क्यू, म्हणजे काठी, कोणत्या उंचीवर लागली तर चेंडू न घसरता लगेच गडगडेल?

अगदी मध्यावर आडवा फटका मारला तर चेंडू नुसता सरकतो. कापडाचं घर्षण त्याला फिरवायला लागतं आणि त्यात वेग कमी होतो. सुरुवातीचा वेग ७ असेल, तर गडगडू लागताना ५ उरतो.

आता मध्यापासून h उंचीवर आडवा फटका मारा. आवेग J असेल, तर

v = J/m
Jh = (2/5)mR²ω

न घसरण्याची अट v = ωR. ती घातली की h = 2R/5.

स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिमी, त्रिज्या २६.२५ मिमी. म्हणजे मध्याच्या १०.५ मिमी वर, टेबलापासून ३६.७५ मिमी उंचीवर मारायचं.

याहून वर मारलं तर चेंडू जास्त फिरतो आणि घर्षण उलट त्याला पुढे ढकलतं. फारच वर गेलात तर काठीचं टोकच निसटतं.

पडताळा सोपा आहे. चेंडूवर खूण करा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहा. एका फेरीत चेंडू साधारण १६.५ सेंमी पुढे गेला, तर तो घसरला नाही. मुलांना शेवटी विचारा: टेबल टेनिसचा पोकळ चेंडू असता तर? तिथे 2/5 ऐवजी 2/3 येतं, म्हणून आणखी वर मारावं लागेल.