फोन का येत नाही, हे शोधायचं कसं

उत्तरं येत नाहीत म्हणून अख्खा रेझ्युमे पुसून नवा करायला बसू नकोस. तुझ्या वयाची बहुतेक मुलं तेच करतात. नवा टेम्प्लेट घेतात, नवे रंग टाकतात, मित्राच्या रेझ्युमेतली वाक्यं उचलतात. मग फोन आलेच तर कशामुळे आले ते कळत नाही, आणि नाही आले तर बिघाड कुठे होता तेही कळत नाही. भोसरीच्या कारखान्यात भरतीच्या टेबलापलीकडे बसून तुझ्या आत्याने जे पाहिलं, ते सांगते.

रेझ्युमे तीन ठिकाणी अडकतो. रिक्रूटर शोधतो तेव्हा त्याच्या यादीत तू येतच नाहीस, हा पहिला प्रकार. यादीत येतोस, पण तुझ्या नावावर कोणी क्लिक करत नाही, हा दुसरा. क्लिक करतात, वरवर बघतात आणि पुढच्या माणसाकडे जातात, हा तिसरा. पहिल्या ठिकाणी दोष बहुधा कीवर्डचा असतो, दुसऱ्या ठिकाणी हेडलाइनचा आणि तिसऱ्या ठिकाणी पहिल्या पानाच्या वरच्या भागाचा. नोकरी डॉट कॉमवर तुझ्याच प्रोफाइलमध्ये `Search appearances` आणि `Recruiter actions` असे दोन आकडे दिसतात. किती शोधांत तू आलास हे पहिला सांगतो, आणि त्यातल्या किती जणांनी पुढे काही केलं हे दुसरा. मुलं हे आकडे बघून खूश होतात किंवा खट्टू होतात, पण ते शेजारी शेजारी ठेवून वाचत नाहीत.

आकडे वाचण्याआधी एक क्षुल्लक काम कर. रेझ्युमेची पीडीएफ उघड, सगळा मजकूर निवडून कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. भरतीचं सॉफ्टवेअर तुझ्या फाइलमधून साधारण एवढंच उचलतं. दोन रकान्यांच्या टेम्प्लेटमध्ये डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसलेली दिसतील. डीटीपीच्या दुकानातून कोरल ड्रॉमध्ये करून आणलेल्या रेझ्युमेत कधी कधी अक्षरांचं चित्र झालेलं असतं, मग नोटपॅडमध्ये काहीच येत नाही. वर्डच्या फाइलमध्ये हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही सॉफ्टवेअरला दिसतच नाही. नोटपॅडमध्ये आलेला नंबर एकदा स्वतः लावून बघ. हसू नकोस, एक आकडा चुकलेले रेझ्युमे माझ्या टेबलावर येत असत. ईमेलचा स्पॅम फोल्डरही उघडून बघ.

आता शेजारच्या वहिनींच्या मुलाची गोष्ट ऐक. चाकणला एका मशीनिंगच्या कारखान्यात चार वर्षं क्वालिटीत काम केलेला मुलगा. शोधांत तो भरपूर यायचा, पण उघडणारा एखाद-दुसरा. त्याला वाटत होतं की हेडलाइन बदलली की झालं. मी विचारलं, जे थोडेफार फोन येतात ते कुणाचे? एक सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी, एक कॉल सेंटरमधल्या क्वालिटी अ‍ॅनालिस्टसाठी, बाकीचे विम्याचे. तिथेच दुखणं कळलं. त्याच्या कौशल्यांच्या यादीत `Quality`, `QA`, `Testing`, `MS Office`, `Team work` एवढंच होतं. चुकीच्या माणसांच्या याद्यांमध्ये तो मानाने झळकत होता, आणि जे क्वालिटी इंजिनिअर शोधत होते त्यांना सापडत नव्हता. म्हणून येणाऱ्या चुकीच्या फोनांवर वैतागू नकोस, ते कुठून आले ते लिहून ठेव. तुझ्या कीवर्डचा याहून चांगला तपास नाही.

कीवर्ड शोधायला डोकं लढवायची गरज नाही. तुला हव्या त्याच पदाच्या, त्याच भागातल्या दहा-पंधरा जाहिराती समोर घे आणि कोणता शब्द किती जाहिरातींत आला याच्या रेघा मार. त्या मुलासाठी आम्ही हेच केलं. `PPAP`, `8D`, `SPC`, `MSA`, `CMM`, `IATF 16949` हे शब्द निम्म्याहून जास्त जाहिरातींत होते. गंमत म्हणजे यातली बहुतेक कामं तो रोज करत होता. ग्राहकाची तक्रार आली की आठ पायऱ्यांचा रिपोर्ट तोच भरायचा, पण रेझ्युमेत त्याने लिहिलं होतं `Handled customer complaints`. रिक्रूटर टाइप करणार `8D`, मग हा सापडणार कसा? संक्षेप आणि पूर्ण नाव दोन्ही एकेकदा लिही, कारण कोण काय टाइप करेल याचा नेम नाही. आणि शब्द नुसते कौशल्यांच्या रांगेत ठेवू नकोस, कामाच्या वाक्यातही येऊ देत.

पांढऱ्या अक्षरांत पन्नास कीवर्ड लपवायचा सल्ला तुला कोणीतरी देईल. तो मजकूर सॉफ्टवेअरने बाहेर काढला की सगळा उघडा दिसतो आणि भरती करणारा ओशाळवाणं हसून पुढे जातो. जे करता येत नाही ते तर लिहूच नकोस. त्या मुलाला `MSA` लिहायचं होतं. मी म्हटलं, गेज आर अँड आर किती टक्के आला तर चालतो? दहाच्या आत उत्तम, दहा ते तीसमध्ये कामाचं महत्त्व बघून ठरवायचं, तीसच्या वर नाही, हे त्याने तिथल्या तिथे सांगितलं. मग म्हटलं, लिही.

कंपनीने दिलेलं पद हीही एक खोच असते. त्याच्या पत्रावर `Officer Grade III` होतं. जगात कोणीही हे शब्द टाइप करून माणूस शोधत नाही. पद बदलून लिहायचं नाही, कारण पुढे पडताळणीत रिलीव्हिंग लेटर बघतात. पण `Officer Grade III – Quality Engineer` असं शेजारी कामाचं नाव लावायला हरकत नाही.

शब्द बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांत शोधांत येण्याचा आकडा उलट कमी झाला आणि तो घाबरला. मला बरं वाटलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या याद्यांमधून नाव गळलं होतं, आणि उघडणाऱ्यांत आता पिंपरी-चिंचवडचे कारखाने दिसायला लागले होते.

मग हेडलाइनची पाळी. यादीत रिक्रूटरला तुझा सगळा रेझ्युमे दिसत नाही. अनुभव, पगार, गाव, सध्याचं पद आणि हेडलाइन एवढ्यावर तो क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. त्या मुलाने तिथे लिहिलं होतं की आपण कष्टाळू आहोत आणि नामांकित संस्थेत आव्हानात्मक संधी शोधत आहोत. कष्टाळू नसल्याचं कोण लिहितं? नोकरी डॉट कॉमवर हेडलाइनला अडीचशे अक्षरांची जागा मिळते, ती अशी वापरली:

```
Quality Engineer, 4 yrs, machined and casting parts,
PPAP, 8D, SPC, CMM, IATF 16949, Chakan Pune,
30 days notice
```

यात एकही विशेषण नाही, हे बघून ठेव. शेवटचे तीन शब्द मात्र सगळ्यात जास्त कामाचे ठरू शकतात. ज्याला जागा महिन्यात भरायची आहे तो नव्वद दिवसांच्या नोटिशीची माणसं आधीच गाळून टाकतो. तुझी नोटीस नव्वद दिवसांची असेल तर हेडलाइन कितीही घासलीस तरी काही दारं बंदच राहतील, तो दोष शब्दांचा नाही.

हेडलाइनची चाचणी घेताना सगळे जण एका ठिकाणी फसतात. प्रोफाइलमध्ये काहीही बदलून सेव्ह केलं की ती ताजी दिसते, आणि रिक्रूटर बहुधा अलीकडे हललेली प्रोफाइलच आधी बघतात. म्हणून नवी हेडलाइन टाकल्यावर आकडे वाढले तर ते हेडलाइनमुळे की नुसत्या सेव्हमुळे, हे कळायला मार्ग नसतो. उपाय सोपा आहे. आधी दोन आठवडे जुनीच हेडलाइन ठेव, पण ठरलेल्या वारी एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करून सेव्ह करत जा. ते आकडे लिहून ठेव. मग नवी हेडलाइन टाकून पुढचे दोन आठवडे त्याच वारी तसंच कर. आता जो फरक दिसेल तो हेडलाइनचा. त्यातही दिवाळीचा आठवडा मध्ये आला तर तो धरू नकोस, आणि दोनाचे तीन झाले म्हणून पेढे वाटू नकोस. एवढ्या लहान आकड्यांत निम्मा भाग योगायोगाचा असतो. दोनाचे आठ-दहा झाले तर बोल.

वरच्या भागाला आकड्यांची चाचणी पुरत नाही, तिथे माणूस लागतो. अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकऱ्यांच्या कंपनीने २०१२ मध्ये रिक्रूटरच्या नजरेचा माग काढला, तेव्हा पहिल्या नजरेला साधारण सहा सेकंद मिळतात असं निघालं. २०१८ मध्ये पुन्हा बघितलं तर सात सेकंदांच्या थोडं वर. आकडा तंतोतंत धरू नकोस, पण माझा अनुभव फार वेगळा नव्हता. म्हणून पहिल्या पानाचा वरचा तिसरा भाग उघडा ठेव, बाकीचा कागदाने झाक आणि क्षेत्रातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला दहा सेकंद दाखव. घरच्यांना नको, त्यांना तुझं सगळं आधीच माहीत असतं. मग रेझ्युमे काढून घे आणि विचार, मी कोणत्या कामाचा माणूस, किती वर्षांच्या अनुभवाचा, कसल्या मालावर काम केलेला? तीनपैकी एक उत्तर जरी अडखळलं तरी वरचा भाग नापास.

त्या मुलाचा वरचा भाग म्हणजे फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि खाली ठळक `Career Objective`. लग्नाच्या स्थळाला द्यावा तसा मजकूर. हे सगळं काढल्यावर जी जागा मोकळी झाली तिथे तीन ओळी आल्या. पहिलीत पद, वर्षं आणि मालाचा प्रकार. दुसरीत कोणत्या गाडी कंपन्यांना पुरवठा होणारे भाग त्याच्या हाताखालून गेले. तिसरीत एक केलेलं काम, आकड्यासकट. एका भागाचा लाइन रिजेक्शनचा दर त्याने फिक्स्चर बदलून चार टक्क्यांवरून दीडवर आणला होता, आणि ही गोष्ट तोवर दुसऱ्या पानाच्या तळाशी, `Declaration`च्या जरा वर, पडून होती. आकडा खरा असावा आणि कसा मोजला ते सांगता यावं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

हे तिन्ही झाल्यावरही लोक रेझ्युमे उघडतात, फोन करतात आणि पगार विचारून गप्प होतात, असं होत असेल तर रेझ्युमेला हात लावू नकोस. त्याने आपलं काम केलं. तिथे प्रश्न पगाराच्या अपेक्षेचा, नोटिशीचा किंवा वाघोलीहून चाकणला रोज येशील का याचा असतो.

आणि प्रत्येक बदलाला फाइलच्या नावात तारीख टाक, कोणाला कोणती धाडली ते वहीत लिही. फोन येतो तो बऱ्याचदा महिन्यापूर्वीच्या फाइलवर. मुलाखतीला जाताना तीच प्रत छापून ने, समोरच्याच्या हातात तीच असणार आहे.