जुना मोबाईल घेताना : आयएमईआयचे मागचे सात आकडे बघा



जून महिना आला की शाळेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोरगी अकरावीला गेली. ऑनलाईन जुना फोन बघितलाय, आठ हजारात मिळतोय. घेऊ का?" यंदा हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी विचारला. ते टेम्पो चालवतात. आठ हजार रुपये त्यांनी चार महिने बाजूला टाकून जमवले होते. विकणाऱ्याने त्यांना फोनचा फोटो आणि बिलाचा फोटो पाठवला होता. "बिल आहे म्हणजे काळजी नाही ना?" असं ते म्हणत होते.

बिल आहे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते बिल याच फोनचं आहे का आणि तो फोन याच माणसाचा आहे का, हे आपल्याला ताडून बघावं लागतं. फोन, बिल आणि माणूस या तिघांची गाठ जुळली तरच पैसे द्यायचे. हे कसं करायचं ते त्यांच्याच उदाहरणावरून बघूया.

फोन आणि बिल यांची गाठ

प्रत्येक मोबाईलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. फोनच्या डायल पॅडवर खालील चिन्हं टाकली की तो लगेच पडद्यावर दिसतो.

```
*#06#
```

दुकानातून घेतलेल्या फोनच्या पक्क्या बिलावर हा क्रमांक असतो, खोक्यावरही छापलेला असतो. टेम्पोवाल्या दादांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिले होते. "बाई, सेम आहे," असं ते म्हणाले. मी वाचले तेव्हा क्रमांक असे होते (आकडे इथे नमुन्यासाठी बदलले आहेत) :

```
फोन : 490154203237518
बिल : 490154203239159
```

पहिले अकरा आकडे सारखे आहेत. माणूस सुरुवात वाचतो, पुढे नजर फिरवतो आणि "जुळलं" म्हणतो. पण आयएमईआयचे पहिले ८ आकडे त्या मॉडेलचे असतात, म्हणजे एकाच मॉडेलच्या हजारो फोनना ते सारखेच असू शकतात. पुढचे ६ आकडे त्या एका फोनचे आणि शेवटचा १ आकडा पडताळणीचा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कुठल्याही फोनचं बिल जोडलं, तर सुरुवात जुळणारच! खरी ओळख मागच्या सात आकड्यांत आहे. म्हणून ताडून बघताना शेवटून सुरुवात करा आणि एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने बोट ठेवावं.

दादांनी विकणाऱ्याला फोन लावला. उत्तर आलं, "ड्युएल सिम आहे ना, बिलावर दुसऱ्या सिमचा नंबर आहे." हे उत्तर खरंही असू शकतं. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि बिलावर कधी कधी एकच लिहिलेला असतो. पण मग वरचा कोड टाकल्यावर पडद्यावर दोन्ही क्रमांक दिसतात आणि बिलावरचा त्यांपैकी एकाशी पूर्ण जुळायला हवा. पाठवलेल्या फोटोत पडदा अर्धाच दिसत होता. पूर्ण फोटो मागितला, तर "घ्यायचा तर घ्या, गिऱ्हाईक भरपूर आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. व्यवहार तिथेच संपला. तो फोन चोरीचा होता का, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण ते बिल त्या फोनचं आहे हे काही दाखवता आलं नाही आणि आपल्याला तेवढं कारण पुरे.

सरकारी यादीत बघणं, आणि त्याची मर्यादा

दूरसंचार विभागाच्या संचार साथी सेवेत कुठल्याही फोनची स्थिती बघता येते. KYM लिहून, जागा सोडून, १५ आकडी क्रमांक टाइप करायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा.

```
KYM 490154203237518
```

उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे असं उत्तर आलं, तर फोन घ्यायचा नाही. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरात नाव दुसऱ्याच कंपनीचं, तरीही नाही. क्रमांकाशी छेडछाड झाल्याची ती खूण आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. आमच्या त्या पहिल्या फोनची ही तपासणी स्वच्छ आली होती. चोरीला गेलेला फोन मालकाने तक्रार करून ब्लॉक करायला दिल्यावरच यादीत जातो. काल चोरीला गेला आणि तक्रार उद्या होणार असेल, तर आज तो चांगलाच दिसणार. नंतर ब्लॉक झाला की त्याला देशातल्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क मिळत नाही, फक्त वायफाय चालतं. म्हणजे यादी वाईट फोन पकडून देते, पण चांगल्याची हमी देत नाही. ती कमी बिल आणि माणूस यांनीच भरून काढायची असते.

बिल आणि माणूस यांची गाठ

आठवड्याभराने दादांना दुसरी जाहिरात सापडली. जवळच्याच गावचा मुलगा, किंमत ८,२००, बिल आणि खोकं दोन्ही. आयएमईआय शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. पण बिल मोठ्या भावाच्या नावावर होतं. घरात असं होतंच, त्यात काही वावगं नाही. मात्र अशा वेळी बिलावरच्या माणसाने स्वतः यायला हवं. दादांनी तशी अट घातली आणि दोघे भाऊ आले.

बिलावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नावही होतं, म्हणजे फोन हप्त्यावर घेतलेला. हप्ते थकले तर असे काही फोन दूरवरून लॉक करता येतात. तेव्हा हप्ते फिटल्याचं पत्र, ज्याला सगळे 'नो ड्यूज' म्हणतात, ते मागायचं. भावाकडे ते मोबाईलवरच होतं.

मग एक साधी पावती लिहिली. तारीख, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, दोघांची नावं-पत्ते आणि सह्या. सोबत विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आधार असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार. हा कागदाचा सोस नाही. चोरीची वस्तू आपण पैसे मोजून घेतली तरी मालकी मूळ मालकाचीच राहते. वस्तू परत जाते आणि आपले पैसे फक्त विकणाऱ्याकडेच मागता येतात. तो कोण हेच माहीत नसेल तर मागणार कुणाकडे? शिवाय चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, वस्तू अप्रामाणिकपणे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "बिल हरवलंय, म्हणून अर्ध्या किमतीत देतो" यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तो यामुळेच.

पैसे सगळ्यात शेवटी

भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी ठेवा. दादांची भेट एसटी स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात झाली. तिथे क्रम असा ठेवला.

आधी आपलं सिम टाकून एक फोन लावला, म्हणजे नेटवर्क चालतंय हे कळलं. मग भावाने सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं गुगल खातं काढलं आणि त्यानंतर फोन रिसेट केला. हा क्रम उलटा झाला, म्हणजे खातं न काढता रिसेट केलं, तर सुरू होताना फोन जुन्या मालकाचं खातं किंवा लॉक मागू शकतो आणि मग पुढेच जात नाही. रिसेट झाल्यावर दादांनी स्वतः हॉटस्पॉट जोडून, मुलीचं खातं टाकून फोन मुख्य पडद्यापर्यंत आणला. या सगळ्याला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला.

त्यानंतरच यूपीआयने ८,२०० रुपये पाठवले. पाठवण्यापूर्वी पडद्यावर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं. ते पावतीवरच्या नावाशी जुळतंय हे पाहिलं. रोखीपेक्षा हे बरं, कारण कुणाला किती दिले याची नोंद राहते.

या क्रमाच्या आधी पैसे मागणारा कुणीही असो, त्याला नाही म्हणा. "मी फौजी आहे, बदली झालीय, फोन कुरियरने पाठवतो, आधी १,५०० भरा," असं म्हणून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारे बरेच असतात. फोटो कुणाचाही लावता येतो. पैसे गेले की "जीएसटीचे भरा", "गेटपासचे भरा" सुरू होतं आणि मग "हा कोड स्कॅन करा, पैसे परत येतील". इथे एकच नियम पाठ करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

तरीही फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

वर्गासाठी एक कृती

हा पाठ सातवी ते नववीच्या गणिताच्या तासाला छान बसतो. आयएमईआयचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे आकडे चौदाव्यापर्यंत दुप्पट करा. उत्तर दोन अंकी आलं तर त्या दोन अंकांची बेरीज घ्या. विषम जागांवरचे आकडे आहेत तसेच ठेवा. सगळ्यांची बेरीज १० च्या पटीत यायला हवी.

वरच्या फोनच्या क्रमांकात सम जागांची बेरीज ३० येते, पहिल्या चौदापैकी विषम जागांची २२, आणि शेवटचा आकडा ८. एकूण ६०, म्हणजे क्रमांक नियमात बसतो. आता मुलांना बिलावरचा क्रमांक द्या. तोही ६० येईल! मग विचारा : "दुकानदाराने लिहिताना एकच आकडा चुकवला असता, तर काय झालं असतं?" एखादा आकडा बदलून मुलांना स्वतः करून बघू द्या, बेरीज दहाच्या पटीत येतच नाही. म्हणजे बिलावरचा क्रमांक एका आकड्याची चूक नव्हती. तो दुसऱ्याच फोनचा असण्याची शक्यता मोठी.

फळ्यावर नमुन्याचाच क्रमांक घ्या, कुणाच्या घरच्या फोनचा लिहू नका. आणि गृहपाठ म्हणून मुलांना सांगा : घरच्या फोनचं बिल शोधा, आई-बाबांसमोर आयएमईआय ताडून बघा आणि बिल जपून ठेवा. फोन हरवला तर तक्रारीला तोच क्रमांक लागतो, आणि उद्या फोन विकायचा झाला तर घेणाऱ्यालाही तोच दाखवावा लागतो.