‘शेकडा एक’ म्हणजे नेमके किती? : माजी विद्यार्थी मेळाव्यातील एका भाषणाचा अभ्यास

शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात व्यासपीठावरून होणारी भाषणे बहुधा आठवणींची असतात. या वेळी मात्र आपल्याच शाळेतून शिकून अभियंता झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आठवणी दोन वाक्यांत आटोपल्या आणि फळा मागवला. त्यांचे आईवडील खालापूर तालुक्यात वीटभट्टीवर हंगामामागून हंगाम राबले होते. पैशाचा हिशेब नोकरी लागल्यावर नव्हे, तर आठवीनववीतच शिकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी फळ्यावर मांडलेले गणित जे मेळाव्याला येऊ शकले नाहीत त्यांच्याही हाती पडावे, म्हणून आम्ही ते येथे सविस्तर देत आहोत.

गणित साधे होते. एका घराने बारा हजार रुपये कर्ज घेतले. मुदत बारा महिने, व्याज ‘दरमहा शेकडा एक’. कर्ज देणाऱ्याचा माणूस दारात बसून सांगतो : वर्षाचे व्याज बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये, एकूण १३,४४०, बारांनी भागले की महिन्याचा हप्ता १,१२०. ऐकणाऱ्याला यात खोट दिसत नाही, कारण गुणाकार-भागाकार बरोबरच आहे.

मग त्यांनी मुलांना विचारले, “बारा हजार रुपये वर्षभर तुमच्याकडे होते का?” सभागृह गप्प झाले. पहिला हप्ता भरताच त्यातले हजार रुपये मुद्दल परत गेले. दुसऱ्या महिन्यात हातात अकरा हजार, तिसऱ्यात दहा, आणि शेवटच्या महिन्यात फक्त एक हजार. बारा महिन्यांची सरासरी काढली तर वर्षभर वापरायला मिळाले साडेसहा हजार. व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर घेतले. साडेसहा हजारांवर १,४४० रुपये म्हणजे बारा टक्के नव्हेत, एकवीस-बावीस टक्के झाले. या पद्धतीला ‘फ्लॅट’ दर म्हणतात. त्याऐवजी जेवढे मुद्दल शिल्लक आहे तेवढ्यावरच शेकडा एक घेतला असता, तर पहिल्या महिन्याचे व्याज १२०, दुसऱ्याचे ११०, असे उतरत शेवटच्याचे १० झाले असते. त्यांची बेरीज होते ७८० रुपये. दोन्हीकडे तोंडी शब्द एकच, ‘शेकडा एक’. फरक ६६० रुपयांचा.

याच्या पुढची पायरी आम्हाला अधिक मोलाची वाटली. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून महिलांचे बचत गट आहेत, आणि अनेक गटांत दरमहा शेकडा दोन असे व्याज असते. ‘गटाचे व्याज दुप्पट, म्हणून मी बाहेरून घेते,’ असे पालकांच्या तोंडून आम्हीही ऐकले आहे. अभियंत्यांनी तेच कर्ज गटाच्या पद्धतीने मांडले. शिल्लक मुद्दलावर शेकडा दोन धरले की वर्षाचे व्याज होते १,५६०. बाहेरच्या ‘शेकडा एक’पेक्षा अवघे १२० रुपये जास्त. आता बाहेरच्याने कर्ज देतानाच ‘फी’ म्हणून सहाशे रुपये कापून घेतले आणि हातावर ११,४०० ठेवले असे समजा. त्याच्याकडे गेलेला एकूण खर्च झाला २,०४०, आणि खरा दर तिशीच्या पुढे गेला. दुप्पट दिसणारा दर स्वस्त निघाला. शिवाय गटाचे व्याज गटाच्याच पेटीत राहते, हे वेगळे.

यावरून त्यांनी मुलांना टक्केवारी पाठ करायला सांगितले नाही. तीन प्रश्न विचारायला सांगितले. प्रत्यक्ष हातात किती येणार? सगळे हप्ते मिळून किती जाणार? आणि व्याज मूळ रकमेवर की शिलकेवर? पहिल्या दोन उत्तरांची वजाबाकी म्हणजे त्या कर्जाची किंमत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी व्यक्तीला नवे कर्ज देताना एक तथ्यपत्रक द्यावे लागते. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. कागदांच्या गठ्ठ्यात सही करण्यापूर्वी हे एक पान मागून वाचावे. तोंडी सांगितलेला दर आणि या पानावरचा दर यांत मोठे अंतर दिसले, तर फ्लॅट दर किंवा कपात कुठेतरी दडलेली आहे असे समजावे.

मात्र आमच्या भागातले सर्वांत मोठे कर्ज या पानावर येतच नाही. ते म्हणजे भट्टीची उचल. पावसाळा सरता सरता, भाद्रपदाच्या सुमारास घरातले धान्य संपते आणि कातकरी कुटुंबे उचल घेतात. दिवाळीनंतर भट्टीवर जातात. तेथे आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशेब होतो तो हंगाम संपल्यावर. उचलीला व्याज नसते, असे सगळेच सांगतात. अभियंत्यांनी फळ्यावर लिहिले : समजा उचल वीस हजार, आणि उचल घेतलेल्या जोडप्याला हजार विटांमागे शंभर रुपये कमी दर. हंगामात लाखभर विटा पाडल्या तर दहा हजार रुपये गेले. सहाएक महिन्यांत वीस हजारांवर दहा हजार! फक्त त्याला कोणी व्याज म्हणत नाही, म्हणून ते दिसत नाही. त्यातच खर्चीची नोंद एकट्या मालकाच्या वहीत असली, तर ‘अजून बाकी आहे’ हे वाक्य खोडून काढायला मजुराकडे काहीच नसते.

येथवर आम्ही त्यांच्याशी पूर्ण सहमत आहोत. परंतु ‘आपण अडाणी होतो म्हणून लुबाडले गेलो’ असे जे ते ओघात म्हणाले, ते इतिहासाच्या शिक्षकाला पटणे कठीण आहे. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, खोताला किती द्यावे लागते हे कुळाला पायलीपर्यंत ठाऊक होते. ठाऊक असून तो सुटला नाही. १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा रुपयावरील प्रबंध प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विधानसभेत खोतीविरोधी विधेयक मांडले, कारण हिशेब कळणे आणि हिशेब बदलता येणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला उमगले असणार? उचलीचेही तसेच. आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याची मोकळीक काढून घेणे ही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरते, आणि त्या बिगारीपोटीचे कर्ज फेडण्याचे बंधन राहत नाही. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते. हेही पैशाच्या शिक्षणातच मोडते, असे आमचे मत आहे.

भाषण संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, हिशेब कळला, पण भाद्रपदात घरात तांदूळ नसेल तर आईने काय करायचे?” ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “उचल घेऊ नको असे मी तुझ्या आईला सांगू शकत नाही, बाळ. माझ्या आईनेही घेतली होती. पण वही तू ठेव. उचलीची तारीख आणि रक्कम, हजारी दर काय ठरला, दर आठवड्याची खर्ची, आणि रोज पाडलेल्या विटा. प्रत्येक रविवारी मालकाच्या वहीशी ताडून त्याची किंवा मुकादमाची सही घे. सही दिली नाही, तर तेही त्या तारखेखाली लिहून ठेव.”