कालचा अंक आणि आजचा अंक

(कृष्णाकाठच्या एका लहान गावी नवीन वाचनालयाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले हे भाषण शिक्षकबंधुभगिनींना वर्गात उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे दिले आहे. शेवटी विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय जोडला आहे.)



दररोज वृत्तपत्र वाचल्याने सामान्य ज्ञान वाढते, हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. परंतु ते कसे वाढते, हे सहसा कोणी सांगत नाही. आज मी एकच बातमी घेऊन ते सांगणार आहे. ही बातमी पावसाळ्यात आपल्याकडच्या वृत्तपत्रांत बहुधा रोज येते. ती आहे कोयना धरणाच्या पाणीसाठ्याची.

मी नवा शिक्षक होतो तेव्हा वर्गात ही बातमी मोठ्याने वाचून दाखवीत असे. एके दिवशी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, क्युसेक म्हणजे किती घागरी?" मला उत्तर देता आले नाही. तोच शब्द मी महिनाभर वाचीत होतो. पण तो मला समजलेला नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन मी हिशेब मांडला, आणि खरे वाचन तेव्हापासून सुरू झाले.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, अर्थात मध्यम आकाराच्या दोन घागरी. हे वाहत्या पाण्याचे माप होय. बातमीतील दुसरा शब्द टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे साठलेल्या पाण्याचे माप होय. कोयना धरणाची एकूण साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. या दोन मापांना जोडणारा दुवा असा की, साडेअकरा हजारांहून किंचित अधिक क्युसेक पाणी अखंड २४ तास वाहत राहिले, तर एक टीएमसी होते. एवढे एकदा वहीत लिहून ठेवले की ती बातमी आपल्याशी बोलू लागते.

समजा, सोमवारच्या अंकात सकाळचा साठा ६० टीएमसी दिला आहे. मंगळवारच्या अंकात तो ६३ आहे, आणि या काळात पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक पाणी नदीत सोडले जात होते. नुसता मंगळवारचा अंक वाचणाऱ्यास ६३ ही एक संख्या मिळाली. दोन्ही अंक वाचणाऱ्यास मात्र एका दिवसात ३ टीएमसीची वाढ दिसली. तिला साडेअकरा हजारांनी गुणिले की सुमारे ३५ हजार होतात. त्यांत सोडलेले २ हजार मिळविले की धरणात सरासरी ३७ हजार क्युसेकची आवक झाली, हे त्याला कळले. आता बातमीत आवक ३८ हजार छापली असेल तर चिंता नाही. कारण ती बहुधा एका विशिष्ट वेळेची असते व आपण दिवसाची सरासरी काढली आहे. परंतु ती ३ लाख ७० हजार छापली असेल, तर कोठेतरी एक शून्य अधिक पडले आहे, हे आपणांस घरबसल्या ओळखता येते.

त्याच बातमीत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. हीच तीन नावे का, याचे उत्तर नकाशात आहे. कोयना नदी महाबळेश्वरी उगम पावते. नवजा जलाशयाच्या परिसरात आणि कोयनानगर धरणालगत आहे. तेथे पडलेला पाऊस पुढे आवक म्हणून आकड्यांत उतरतो. पुढे कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. म्हणूनच आपल्या गावात लख्ख ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. मुलांनो, एका लहानशा बातमीतून आपण अंकगणित केले, भूगोल पाहिला आणि अजून ती बातमी संपलेली नाही.

या ज्ञानाचा उपयोग काय, ते २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने दाखविले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. त्या दिवसांत एका चहाच्या दुकानी मी लोकांना घाबरून बोलताना ऐकले की, कोयनेतून एक लाख टीएमसी पाणी सोडले आहे. ज्या धरणात सारे मिळून १०५ टीएमसी मावते, त्यातून एक लाख टीएमसी कसे सुटेल? बोलणाऱ्याने क्युसेकचे टीएमसी केले होते. मात्र अफवा खोटी ठरली म्हणून धोका खोटा ठरत नाही. तेथे उपयोगी पडणारा आकडा पुलापाशी मोजलेल्या पातळीचा होता, आणि तो तासागणिक वाढत होता. कोणता आकडा सोडावा व कोणता धरावा, हे त्या घाईत शिकता येत नाही. आधीच्या रोजच्या वाचनाने ते अंगवळणी पडलेले असावे लागते.

या वाचनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सकाळच्या अंकातील आकडा बहुतेक आदल्या दिवसाचा असतो. पुराच्या वेळी अंकाची वाट पाहत बसू नये. तलाठ्यांची व प्रशासनाची सूचना तत्काळ मानावी. शिवाय धरण काठोकाठ भरल्यावरच दरवाजे उघडतात असे नाही. पुढचे पाणी सामावून घेण्यासाठी साठा ठरावीक पातळीत राखावा लागतो, म्हणून जागा शिल्लक असतानाही विसर्ग होतो. आणि सांगलीचे पाणी एकट्या कोयनेचे नव्हे. कृष्णेचे वरचे पाणी आणि धरणाखालच्या मुलखातील पाऊसही त्यात मिळतो. एका आकड्यावरून सारे भाकीत करू पाहणारा वाचक फसतो.

या वाचनालयाच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. कालचा अंक आज रद्दीत टाकू नका. निदान एक महिन्याचे अंक तारखेवार लावून ठेवा. शेजारी जिल्ह्याचा नकाशा टांगा आणि एक वही ठेवा. एकट्या आजच्या अंकातून वार्ता मिळते. तो कालच्या अंकाशेजारी ठेवला म्हणजे त्या वार्तेचे ज्ञान होते.



स्वाध्याय

१. पावसाळ्यातील सलग सात दिवसांचा कोयनेचा साठा वहीत लिहा. सर्वांत अधिक वाढ कोणत्या दिवशी झाली? त्याच्या आदल्या दिवशीचा महाबळेश्वरचा पाऊस शोधा.

२. साठा एका दिवसात २ टीएमसीने वाढला व विसर्ग मुळीच नव्हता, तर सरासरी आवक किती क्युसेक?

३. "धरणातून ५० हजार टीएमसी विसर्ग" या वाक्यातील चूक कोणती, ते कारणासह सांगा.