कारखाना एकाचा, नाव दुसऱ्याचे

तळेगावात जनरल मोटर्सच्या जुन्या आवारात आता ह्युंदाईच्या गाड्या तयार होतात. मात्र 2023 चा करार जागेचा, इमारतींचा आणि काही यंत्रसामग्रीचा होता. शेव्हरोले हे नाव जनरल मोटर्सकडेच राहिले. तिथे लिक्विडेशन नव्हते. ते असते तेव्हा अशी फाळणी आणखी गुंतागुंतीची होते, कारण जागा, यंत्रे आणि ब्रँड वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊ शकतात. कोणती वस्तू कोणत्या कागदाने कुणाकडे गेली हे शोधून सांगणे हा कॉमर्स आणि लॉच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय आहे.

म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’चे उदाहरण घ्या. येझदी मोटारसायकल बनवणारा हा कारखाना 1996 मध्ये थांबला आणि 2001 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. मालमत्ता ऑफिशियल लिक्विडेटरच्या ताब्यात गेली, पण ‘येझदी’ नावाच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले नाही. पुढे संस्थापकांच्या कुटुंबातील बोमन इराणी यांनी ते नाव स्वतःच्या नावावर नोंदवले आणि क्लासिक लेजंड्सने 2022 मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एकल न्यायाधीशांनी नाव लिक्विडेशनमधल्या कंपनीचेच ठरवले. नोव्हेंबर 2025 मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. कागद तेच असूनही दोन निकाल उलटसुलट लागले.

म्हणून माग काढताना क्रम पाळावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची स्थिती आणि तिच्या मालमत्तेवरचा बँकांचा बोजा दिसतो. त्यानंतर लिक्विडेटरची लिलावाची नोटीस वाचायची: ब्रँड यादीत आहे का, की फक्त यंत्रे विकली? मग ट्रेडमार्क नोंदवहीत मालकाचे नाव आणि नूतनीकरणाची तारीख पाहायची. नोंदणी दहा वर्षांची असते. नाव बदललेले दिसले, तर त्यामागचा हस्तांतरणाचा दस्त मागायचा. एमआयडीसीचा भूखंड बहुधा भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे तिथे महामंडळाची परवानगीही तपासायची.

‘हे सगळे पोर्टलवर दिसते, मग माणूस कशाला?’ असे पालक विचारतील. पोर्टल नोंद दाखवते, हक्क ठरवत नाही. येझदीत इराणींच्या नावावर नोंद असूनही वाद न्यायालयात गेलाच. दुसरी शंका रास्त आहे: बारावीनंतर लगेच कुणी लिक्विडेटर होत नाही, त्याला साधारणपणे अनुभवाची वर्षे लागतात. पण कंपनी सेक्रेटरी किंवा पाच वर्षांचा लॉ हे रस्ते बारावीनंतर खुले आहेत आणि पदवीनंतर ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देता येते. कल तपासायचा असेल, तर मुलाला एक जुनी लिलाव नोटीस द्या आणि त्या यादीत काय नाही, ते शोधायला सांगा. यात त्याला गोडी वाटली, तर ही शाखा त्याच्यासाठी आहे.