विमा कंपनी बदलताना नो क्लेम बोनस कसा न्यायचा? पत्राचा नमुना आणि एक हिशोब

मागच्या व्हिडिओखाली शाहूपुरीतल्या एका दुकानदार मित्राने विचारलं होतं, "सर, गाडीची पॉलिसी यंदा दुसऱ्या कंपनीत करतोय. माझा नो क्लेम बोनस जुन्या कंपनीतच राहणार का?" व्हिडिओत थोडक्यात सांगितलं होतं, आज पत्रासकट नीट बघू.

पहिली गोष्ट. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, कंपनीचाही नाही आणि गाडीचाही नाही. तो ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याचा आहे. म्हणून कंपनी बदलली तरी तो तुमच्याबरोबर येतो. फक्त तो किती टक्के आहे, हे नव्या कंपनीला लेखी सांगावं लागतं. आणि हा बोनस संपूर्ण प्रीमियमवर मिळत नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला आपण ओडी म्हणतो, त्यावरच मिळतो. थर्ड पार्टीचा भाग आहे तसाच भरावा लागतो.

आधी आपला टक्का काढा

पत्र लिहायच्या आधी खरा टक्का काढा, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. एक वर्ष क्लेम नाही, तर २० टक्के. सलग दोन वर्षं नाही, तर २५. तीनला ३५, चारला ४५ आणि पाच वर्षांना ५०. त्यापुढे वाढ नाही. मध्ये एक जरी ओडी क्लेम घेतला, तरी पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्य.

आता या मित्राची केस बघा. जुलै २०२१ च्या महापुरात त्यांच्या गाडीत पाणी शिरलं आणि त्यांनी क्लेम घेतला. पॉलिसी दर वर्षी १० ऑक्टोबरला सुरू होते. ते मला म्हणाले, "पुरात माझी काय चूक? तो क्लेम कशाला धरायचा? माझे ५० टक्केच होतात." पण भावांनो, हा 'नो क्लेम' बोनस आहे, 'नो चूक' बोनस नाही. पंचगंगेने गाडी बुडवली असली, तरी पैसे घेतले म्हणजे क्लेम झाला.

म्हणून हिशोब असा. ऑक्टोबर २०२१ ला शून्य. ऑक्टोबर २०२२ ला २०, २०२३ ला २५, २०२४ ला ३५ आणि ऑक्टोबर २०२५ च्या रिन्यूअलला ४५ टक्के. त्यांच्या हातातल्या जुन्या पॉलिसीवर मात्र ३५ छापलेलं होतं, कारण ती २०२४ ची. पॉलिसीवर दिसतो तो मागच्या वेळी मिळालेला बोनस. चालू वर्षात क्लेम नसेल, तर नव्या पॉलिसीला त्याची पुढची पायरी लागते.

समजा त्यांचा ओडी प्रीमियम ८,००० रुपये आहे. ४५ टक्क्यांनी ३,६०० कमी होतात, भरायचे ४,४००. त्यांनी ५० लिहिले असते, तर ४,००० भरावे लागले असते. फरक फक्त ४०० रुपयांचा! आणि त्या ४०० साठी काय पणाला लागतं, ते आता पत्रात बघा.

पत्र

विषय : विमा कंपनी बदलत असल्याने नो क्लेम बोनस नवीन पॉलिसीत देण्याबाबत

प्रति, शाखा व्यवस्थापक, (नवीन कंपनीचे नाव व पत्ता)

महोदय,
माझ्या मालकीच्या एमएच-०९-…… या वाहनाची पॉलिसी क्र. …… ही (जुन्या कंपनीचे नाव व शाखा) यांच्याकडे असून ती दि. …… रोजी संपत आहे. सदर वाहनाचा विमा मी आपल्या कंपनीकडे घेत आहे. चालू पॉलिसीवर मला …… टक्के नो क्लेम बोनस मिळालेला असून, या पॉलिसीच्या कालावधीत मी कोणताही क्लेम घेतलेला नाही. त्यामुळे नवीन पॉलिसीत …… टक्के बोनस द्यावा, ही विनंती.

मी जाहीर करतो की वर मागितलेला बोनसचा दर बरोबर आहे. हे निवेदन चुकीचे आढळल्यास पॉलिसीतील विभाग १, म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसंबंधीचे सर्व लाभ रद्द होतील, याची मला जाणीव आहे.

सोबत : चालू पॉलिसीची प्रत, रिन्यूअल नोटीस, आरसीची प्रत.
सही, नाव, मोबाईल, दिनांक

शाखेत देणार असाल, तर दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. ईमेल मुंबई-पुण्याच्या ऑफिसला जाणार असेल, तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवा.

हे घोषणेचं वाक्य का?

इंडिया मोटर टॅरिफ २००२ मधल्या जीआर २७ या नियमात हे आहे. जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस किंवा बोनसचं पत्र हा पहिला पुरावा. तो हाताशी नसेल, तर ग्राहकाने असं निवेदन द्यायचं. मग नव्या कंपनीने विमा दिल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं.

पण या २१ दिवसांच्या भरवशावर राहू नका. तपासणी तेव्हा झाली नाही, म्हणून टक्का खरा ठरत नाही. अपघात झाल्यावर फाईल उघडते, जुना क्लेम दिसतो आणि ओडीचे पैसे अडकतात. म्हणून जुन्या कंपनीला एक छोटा ईमेल आधीच टाका : "पॉलिसी क्र. …… वर क्लेम नसल्याचे व देय बोनसचा टक्का नमूद केलेले पत्र द्यावे." हे पत्र आलं की विषय संपला.

माझ्याकडून झालेली चूक

माझ्या दुकानाच्या गाडीचा फुटलेला दिवा आणि बंपर मी क्लेममधून बदलून घेतला होता. पुढे कंपनी बदलली. फॉर्म एजंटाने भरला, मी न वाचता सही केली. पॉलिसी आल्यावर बघतो तर २५ टक्के बोनस लावलेला! मला शून्य हवा होता. मी त्याच दिवशी नव्या कंपनीला लिहून कळवलं, फरकाची रक्कम भरली आणि दुरुस्तीचं एन्डोर्समेंट घेतलं. फरक काही शेकड्यांचा होता. त्या वर्षी गाडी ठोकली असती, तर दुरुस्तीचं अख्खं बिल माझ्या गल्ल्यातून गेलं असतं. तुमच्या पॉलिसीवर जास्त टक्का दिसला, तर गप्प बसू नका. अपघाताच्या आधी दुरुस्त करून घ्या.

दोन तारखा आणि एक नाव

पत्र साधारण २०-२५ दिवस आधी द्या. पण पत्र दिल्यानंतर आणि जुनी पॉलिसी संपायच्या आत क्लेम घेतलात, तर ते पत्र खोटं ठरतं. लगेच कळवा.

पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नवी घेतली नाही, तर जमलेला सगळा बोनस जातो. ९० दिवस बोनस टिकतो म्हणून तेवढे दिवस विमा चालू असतो, असं समजू नका. पॉलिसी संपली की संरक्षण संपलं.

आणि नाव. जुनी पॉलिसी तुमच्या नावावर आणि नवी भागीदारी फर्मच्या नावावर, असं झालं तर बोनस अडकतो. दोन्हीकडे एकच नाव आहे ना, बघून घ्या.

आता एक काम करा. कपाटातून पॉलिसी काढा, शेवटचा क्लेम कधी घेतला ती तारीख शेजारी लिहा आणि वरच्या पायऱ्या मोजा. शंका असेल, तर तारखा आणि टक्का कमेंटमध्ये लिहा, हिशोब मिळून करू. पॉलिसी नंबर मात्र तिथे टाकू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!